पाच जुलैचं मागणीपत्र

पत्र एका पानाचं आहे. तारीख ५ जुलै २०१७, म्हणजे देशात जीएसटी लागू झाल्याचा पाचवा दिवस. विषय 'आठवा व नववा स्लॅब पूर्ण झाल्याबाबत देय रक्कम'. खाली सहा ओळींचा हिशेब, शेवटी ७,५८,५५९ रुपयांचा आकडा, आणि रक्कम सात दिवसांत न भरल्यास व्याज लागेल व करारनामा रद्द होऊ शकेल अशी सूचना. सोबत त्याच तारखेची टॅक्स इन्व्हॉइस.

पत्र आलं ते पिंपरी-चिंचवड भागातल्या एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीतल्या फ्लॅटसाठी. घेणारे नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, फ्लॅट गृहकर्जावर घेतलेला. आपलं, बिल्डरचं आणि प्रकल्पाचं नाव येणार नाही या अटीवर त्यांनी फाइल मला वाचायला दिली. त्यांनी चिठोरंसुद्धा टाकलेलं नाही, म्हणूनच हा हिशेब आज मांडता येतो. प्रश्न एकच धरला आहे. ५ जुलैला बिल्डरचा या कुटुंबाकडून नेमके किती रुपये मागण्याचा हक्क होता? त्याचं उत्तर एका स्लॅबच्या तारखेवर अवलंबून आहे, आणि नेमकी ती तारीख पत्रात कुठेही लिहिलेली नाही.

आधी पत्रातल्या सहा ओळी. आठव्या स्लॅबचा हप्ता २,४०,००० रुपये. नवव्याचा तेवढाच. दोन्हींवर १२ टक्के जीएसटी ५७,६०० रुपये. आठव्या स्लॅबच्या हप्त्यावर '१० जूनपासून आजपर्यंत' विलंबाचं व्याज २,९५९ रुपये. 'इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस' ७२० चौरस फुटांवर दीडशेच्या दराने १,०८,००० रुपये. शेवटच्या ओळीत दोन रकमा एकत्र, 'एमएसईबी व ट्रान्सफॉर्मर' ७५,००० आणि 'लीगल व सोसायटी फॉर्मेशन' ३५,०००. बेरीज बरोबर आहे, मी दोनदा केली. व्याजाच्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलं आहे, 'कशाचं? पत्र तर आत्ता आलं.' अक्षर बायकोचं. या फाइलमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे, ते पुढे कळेल.

या पत्राला जोखायचं तर पहिला कागद म्हणजे नोंदणीकृत करारनामा. तो २०१६ सालचा आहे, म्हणजे रेरा लागू होण्याआधीचा, १९६३ च्या मोफा कायद्याखालचा. किंमत ४८ लाख. हप्त्यांचं परिशिष्ट नीट आहे. करारावेळी २० टक्के, प्लिंथला १५, मग दहा स्लॅबना प्रत्येकी ५, वीटकामाला ५, प्लास्टर व फरशीला ५ आणि ताब्याला ५. वीस टक्के त्यांनी स्वतःच्या शिलकीतून भरले होते. प्लिंथपासून पुढचं सगळं बँकेने द्यायचं होतं. त्यामुळे स्लॅबपोटी मागितलेले प्रत्येकी २,४०,००० रुपये कराराप्रमाणेच आहेत आणि त्यावर वाद नव्हता. एक बारीक कलम मात्र पत्राशी जुळत नाही. टप्पा पूर्ण झाल्याची लेखी सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हप्ता भरायचा, असं करारात आहे. पत्रातले सात दिवस कुठून आले याचा करारात पत्ता नाही.

कराचं कलम मी शब्द न् शब्द वाचलं, कारण नवरा-बायकोची पहिली हरकत तिथेच होती. 'आमच्या करारात जीएसटी हा शब्दच नाही,' असं त्यांनी बिल्डरच्या ऑफिसात फोनवर सांगितल्याची टिपणं फाइलमध्ये आहेत. ही हरकत टिकत नाही. करारात सेवाकर आणि व्हॅट यांच्यापुढे 'अथवा यापुढे शासन लागू करील तो अन्य कोणताही कर' असे शब्द आहेत. करार झाला तेव्हा जीएसटी नव्हता, पण हे शब्द त्याला सामावून घेतात. असे शब्द त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक करारनाम्यात असत. म्हणून जीएसटी द्यायचा की नाही हा वाद इथे नाही. वाद आहे तो कोणत्या टप्प्यावर कोणता कर, याचा.

इथे त्या वर्षाचे दर सांगायला हवेत. ३० जून २०१७ पर्यंत बांधकाम चालू असलेल्या घराच्या हप्त्यावर केंद्राचा सेवाकर लागायचा. जमीन किमतीत धरलेली असल्याने हप्त्याचे ७० टक्के वजा होत, उरलेल्या ३० टक्क्यांवर उपकरांसह १५ टक्के, म्हणजे पूर्ण हप्त्यावर साडेचार टक्के पडत. राज्याचा व्हॅट वेगळा होता. बहुतेक बिल्डर एक टक्क्याच्या योजनेत असत आणि ती रक्कम करार नोंदवतानाच पूर्ण किमतीवर घेतली जाई. या फाइलमध्ये ४८,००० रुपयांची व्हॅटची पावती स्टॅम्प ड्यूटीच्या कागदाला टाचलेली आहे. १ जुलैपासून हे दोन्ही कर गेले आणि जीएसटी आला. त्यात जमिनीपोटी एक तृतीयांश रक्कम वजा करून बाकीवर १८ टक्के, म्हणजे हप्त्यावर १२ टक्के. हप्ता २,४०,००० चा असेल तर जुन्या कायद्यात १०,८०० रुपये सेवाकर, नव्या कायद्यात २८,८०० रुपये जीएसटी. एका स्लॅबमागे फरक १८,००० रुपयांचा.

जूनभर देशात या फरकाची धास्ती होती. काही बिल्डरांनी तर सगळे पैसे १ जुलैच्या आत भरा, नाहीतर जास्त कर पडेल, असं ग्राहकांना सांगायला सुरुवात केली होती. १५ जून २०१७ ला केंद्रीय उत्पादन व सीमाशुल्क मंडळाने प्रसिद्धिपत्रक काढून हे कायद्याविरुद्ध असल्याचं जाहीर केलं. सिमेंट-पोलादावर भरलेल्या कराचं क्रेडिट बिल्डरला जीएसटीत मिळणार आहे आणि तो फायदा ग्राहकापर्यंत पोचवायला हवा, असंही त्यात होतं. प्रसिद्धिपत्रकाची छापील प्रत या फाइलमध्ये आहे. नवऱ्याने ती ऑफिसातल्या प्रिंटरवर काढलेली दिसते. मात्र या पत्राचा निकाल त्या प्रसिद्धिपत्रकाने लागत नाही. त्यासाठी एक कोरडा नियम वाचावा लागतो.

सेवाकराच्या काळात कर कोणत्या दिवशी लागला असं धरायचं, हे ठरवणारे नियम २०११ साली केले होते. बांधकामासारख्या, टप्प्याटप्प्याने पैसे घेण्याच्या कामात करारात लिहिलेला टप्पा पूर्ण होण्याचा दिवस म्हणजे तेवढी सेवा पूर्ण होण्याचा दिवस. त्यानंतर तीस दिवसांच्या आत इन्व्हॉइस निघाली तर इन्व्हॉइसची तारीख धरायची. तीस दिवसांत निघाली नाही तर टप्पा पूर्ण झाल्याचीच तारीख धरायची. पैसे आधीच आले असतील तर ते आले तो दिवस. आणि जीएसटी कायद्याच्या कलम १४२(११) नुसार, ज्या सेवेवर जुन्या कायद्याखाली सेवाकर लागू झालेला आहे, तिच्यावर तेवढ्यापुरता जीएसटी लागत नाही.

इन्व्हॉइस ५ जुलैची आहे. तिथून तीस दिवस मागे गेलं की ५ जून येतो. त्याच्या आधी पूर्ण झालेल्या स्लॅबची इन्व्हॉइस वेळेत निघालेलीच नाही, म्हणून त्याला स्लॅबची तारीख लागू होते आणि कर साडेचार टक्के. त्यानंतर पूर्ण झालेल्या स्लॅबला इन्व्हॉइसची तारीख लागू होते, ती जुलैमधली, आणि कर बारा टक्के. आता दोन्ही स्लॅब कधी पडले हे शोधायचं.

आठव्या स्लॅबसाठी फाइलमध्ये दोन कागद आहेत. एक आर्किटेक्टचं प्रमाणपत्र, तारीख २४ मे २०१७. त्यात फक्त एवढंच आहे की, 'आठव्या स्लॅबचं आरसीसी काम पूर्ण झालं आहे'. ते खरेदीदाराला उद्देशून नसून बँकेला उद्देशून आहे, कारण हप्ता सोडण्याआधी बँक ते मागते. प्रत मात्र बँकेतून नवऱ्याने मागून घेतली. दुसरा कागद बँकेच्या व्हॅल्युअरचा पाहणी अहवाल, २ जूनचा. त्यात 'सात मजल्यांचं आरसीसी पूर्ण' असं आहे. पहिल्या वाचनात हे दोन कागद एकमेकांना छेद देतात असं वाटतं, आठ की सात? पण इमारत पार्किंगवर नऊ मजल्यांची आहे आणि करारात दहा स्लॅब आहेत. म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरचा स्लॅब पहिला आणि गच्चीचा दहावा. सातव्या मजल्याचं छत हाच आठवा स्लॅब. व्हॅल्युअर मजले मोजतो, करार स्लॅब मोजतो. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगतात आणि दोन्ही ५ जूनच्या आधीचे आहेत. प्रमाणपत्र बिल्डरनेच नेमलेल्या आर्किटेक्टचं असल्याने बिल्डरला ते नाकारणं अवघड. अहवाल बँकेच्या माणसाचा आहे, त्याला या वादाशी काही देणंघेणं नाही. असे दोन वेगळ्या हातचे कागद जुळले की तारीख पक्की धरायला हरकत नाही.

आणि आता ती पेन्सिलीची ओळ. बिल्डरने आठव्या स्लॅबच्या हप्त्यावर १० जूनपासून व्याज लावलं आहे. व्याज दर साल १८ टक्के, २,४०,००० रुपयांवर २५ दिवसांचं २,९५९ रुपये होतं. हिशेब अचूक आहे. पण १० जूनपासून व्याज सुरू व्हायचं तर कराराप्रमाणे पंधरा दिवस आधी, म्हणजे २६ मे रोजी, लेखी सूचना दिलेली असली पाहिजे. फाइलमध्ये तसं पत्र नाही, ईमेलही नाही. आता बिल्डरपुढे दोनच वाटा उरतात. २६ मे ला मागणी केली होती असं तो म्हणाला, तर स्लॅब त्याआधी पूर्ण झाला होता आणि मागणीही मे महिन्यातच झाली होती, हे तो स्वतः मान्य करतो. मग जीएसटी लागू होत नाही. मागणी केलीच नव्हती असं म्हणाला, तर व्याजाला आधार उरत नाही, आणि इन्व्हॉइस तीस दिवसांनंतर निघाल्याने कर तरीही जुनाच लागतो. कर आणि व्याज या दोन ओळी एकाच पत्रात एकमेकींना खोडतात. त्या बाईंनी नियम वाचले नव्हते. पत्र आजचं, व्याज महिन्यापूर्वीचं, हे जमत नाही एवढंच त्यांनी पाहिलं, आणि तेच नेमकं होतं.

नवव्या स्लॅबसाठी प्रमाणपत्र जुलैचं आहे, व्हॅल्युअरची भेटही जुलैमधलीच. त्यांच्यावरून काही ठरत नाही. पण नवराबायको रविवारी साइटवर चक्कर मारायचे आणि मोबाइलवर फोटो काढायचे. १८ जूनच्या दुपारच्या फोटोत आठव्या मजल्यावर सेंटरिंगच्या प्लेटा लावलेल्या आहेत, वर सळया बांधलेल्या आहेत आणि काँक्रीट पडलेलं नाही. कोपऱ्यातल्या कॉलमच्या सळया मोकळ्या आकाशात उभ्या दिसतात. पुढच्या रविवारचा, २५ जूनचा फोटो शेजारच्या इमारतीच्या जिन्यातून काढला आहे. त्यात स्लॅबवर मसाल्याची आळी घातलेली आहेत आणि त्यांत पाणी साचलेलं आहे. स्लॅब पडल्यावर दुसऱ्या दिवसापासून क्युअरिंगसाठी असं पाणी धरून ठेवतात. म्हणजे नववा स्लॅब १८ आणि २५ जूनच्या मधल्या आठवड्यात पडला. नेमका वार कळत नाही आणि त्याची गरजही नाही, कारण त्या आठवड्यातला कोणताही दिवस धरला तरी ५ जुलैची इन्व्हॉइस तीस दिवसांच्या आत बसते. नवव्या स्लॅबवर १२ टक्के जीएसटी मागणं बिल्डरच्या हक्कातलं होतं.

हे नवराबायकोला पटवणं सोपं गेलं नाही. स्लॅब जूनमध्ये पडला, काम जूनमध्ये झालं, मग जुलैचा कर का, असं त्यांचं म्हणणं होतं. ते न्यायाचं वाटतं हेही खरं. पण नियमाने इन्व्हॉइस काढायला तीस दिवसांची मुभा दिली होती, आणि बिल्डरने ती वापरली. मुद्दाम थांबला की ऑफिसचं काम तसंच चालायचं, हे कागदावरून ठरत नाही. त्याचं क्लायंट लेजर मिळालं असतं आणि आधीच्या सात स्लॅबची मागणी स्लॅबनंतर किती दिवसांनी झाली हे ताडून पाहता आलं असतं, तर काही म्हणता आलं असतं.

आता उरलेल्या तीन रकमा. इथे तारखांचं काम नाही, फक्त करारनामा शेजारी ठेवायचा.

'इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस' हे शब्द करारात कुठेच नाहीत. पत्रात त्याचं कारण म्हणून 'मनपाच्या वाढीव शुल्कामुळे' एवढं लिहिलं आहे. कोणतं शुल्क, कोणत्या ठरावाने वाढलं, कधी भरलं, याचा कागद जोडलेला नाही. शिवाय मोजणी ७२० चौरस फुटांवर केली आहे. करारात फ्लॅटचं कार्पेट क्षेत्र ५२० चौरस फूट आहे आणि दुसरं कोणतंही क्षेत्र नाही. ७२० हा आकडा बुकिंगच्या वेळी दिलेल्या माहितीपत्रकातला 'सेलेबल' आकडा आहे. म्हणजे रकमेला करारात कलम नाही आणि ज्या क्षेत्राने ती गुणली तेही करारात नाही. अशी रक्कम दिसली की सगळ्यात आधी गुणाकार उलटा करून पाहावा. दर माहीत असेल तर क्षेत्र बाहेर येतं, आणि ते कुठल्या कागदातून उचललं हे लगेच दिसतं.

वीजजोडणीची गोष्ट वेगळी आहे. करारात त्याचं कलम आहे : महावितरणची अनामत, मीटर व संबंधित खर्च 'प्रत्यक्ष खर्चाच्या प्रमाणात, ताब्याच्या वेळी'. म्हणजे रक्कम द्यायची होतीच, पण नवव्या स्लॅबला नाही, आणि ठोक ७५,००० अशी नाही. लीगल व सोसायटी नोंदणीची रक्कम तर करारात छापलेली आहे, १५,००० रुपये, तीही ताब्याच्या वेळी. पत्रात ती ३५,००० झाली आहे आणि दोन वर्षं आधी आली आहे. सोसायटीसाठी किंवा देखभालीसाठी घेतलेले पैसे बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि मागितल्यास त्याचा हिशेब द्यायचा, असं मोफाचं कलम ५ सांगतं. नवव्या स्लॅबच्या हप्त्यात मिसळून एकाच चेकने मागितलेल्या रकमेचं पुढे वेगळं खातं कसं राहणार, हे मला तरी समजत नाही.

नवराबायकोचं उत्तर १४ जुलैचं आहे, रजिस्टर्ड पोस्ट एडीने पाठवलेलं. पोचपावतीचं गुलाबी कार्ड टाचलेलं आहे. उत्तर जेमतेम दीड पानाचं. मला त्यातला क्रम आवडला. आधी काय देतो ते लिहिलं आहे, मग काय देत नाही ते. दोन्ही स्लॅबचे मिळून ४,८०,००० रुपये बँक सोडेल, आठव्यावरचा सेवाकर १०,८०० आणि नवव्यावरचा जीएसटी २८,८०० असा ३९,६०० चा चेक सोबत जोडला आहे. बँकेने १७ जुलैला रक्कम वळती केली. पत्र ११ जुलैला हातात पडलं होतं, हे पाकिटावरच्या शिक्क्यावरून आणि त्यांच्या टिपणावरून कळतं. पंधरा दिवसांची मुदत २६ जुलैपर्यंत जात होती. म्हणजे वाद नसलेली ५,१९,६०० रुपयांची सगळी रक्कम मुदतीच्या आत पोचली. वादातले २,३८,९५९ रुपये तेवढे मागे राहिले. हा भाग फार महत्त्वाचा होता. त्यांनी रागाने सगळंच अडवून धरलं असतं, तर हप्ता थकवल्याचा ठपका त्यांच्यावर आला असता, आणि करार रद्द करण्याच्या सूचनेला खरंच आधार मिळाला असता.

उत्तरात पुढे तीन कागद मागितले आहेत. २६ मे ची मागणी आणि ती पोचल्याचा पुरावा, मनपाच्या वाढीव शुल्काचा आदेश व भरल्याची पावती, आणि महावितरणचं कोटेशन. धमकी नाही, वकिलाचं नाव नाही.

बिल्डरच्या ऑफिसचं पुढचं पत्र २१ ऑगस्टचं आहे. मजकूर दोन ओळींचा, खाली 'सुधारित हिशेब'. आठव्या स्लॅबवर सेवाकर १०,८००. व्याजाची ओळ गेली. बाकीच्या तिन्ही रकमा 'ताब्याच्या वेळी देय' म्हणून पुढे ढकलल्या. मागितलेल्या तीन कागदांपैकी एकही जोडलेला नाही. एप्रिल ते जून २०१७ या शेवटच्या तिमाहीचं सेवाकराचं विवरणपत्र भरायची मुदत १५ ऑगस्टला संपली होती. बिल्डरने आठवा स्लॅब त्यात दाखवला असेल तर तो उशिरा का होईना बरोबर जागी गेला.

त्या जुलैत आणखी एक गोष्ट चालू होती. रेरा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला होता आणि भोगवटा न मिळालेल्या चालू प्रकल्पांना ३१ जुलैपर्यंत महारेराकडे नोंदणी करायची होती. या प्रकल्पाची नोंदणी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाली. संकेतस्थळावरच्या पानाची छापील प्रत फाइलमध्ये आहे. त्यात सुपरस्ट्रक्चरच्या स्लॅबचं काम किती टक्के झालं, याचा रकाना आहे. कोणता स्लॅब कधी, हे त्यात नसतं, त्यामुळे कराच्या प्रश्नाला तो कागद उपयोगी पडला नाही. पण आज अशा पत्राला तोंड देणाऱ्याला तो रकाना पाहता येतो. पत्र दहावा स्लॅब झाला म्हणत असेल आणि बिल्डरनेच भरलेला टक्का तिथवर पोचला नसेल, तर विचारायला जागा आहे.

रेरानंतरच्या करारांत आणखी एक भक्कम आधार आला आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांना जोडलेल्या नमुना करारात असं आहे की, सरकारी किंवा मनपाच्या शुल्कवाढीपोटी जादा मागायचं तर ती अधिसूचना किंवा आदेश मागणीपत्रासोबत जोडायचा, आणि वाढ पुढच्या हप्त्यांनाच लागू होईल. नवराबायकोचा करार त्याआधीचा, म्हणून त्यांना हे कलम थेट वापरता आलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेरा वैध ठरवताना आधीचे करार या कायद्याने नव्याने लिहिले जात नाहीत असंही म्हटलं. पण ज्यांचा करार २०१७ नंतरचा आहे, त्यांनी 'आदेशाची प्रत कुठे आहे' हा प्रश्न विनंती म्हणून विचारायचं कारण नाही. ती प्रत पत्रासोबतच यायला हवी. कराचे दरही आता वेगळे आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या प्रकल्पात ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांना १ टक्का, बिल्डरला इनपुट क्रेडिट नाही. परवडणारं घर म्हणजे ४५ लाखांच्या आतलं आणि मुंबई महानगर प्रदेशासारख्या ठरावीक महानगरांत ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं. पुणे त्या महानगरांच्या यादीत नाही, म्हणून इथे मर्यादा ९० चौरस मीटरची. ४४ लाखांच्या, सत्तर चौरस मीटरच्या फ्लॅटवर पुण्यात कोणी ५ टक्के मागत असेल, तर हा फरक तपासून पाहावा.

फाइलमधले शेवटचे कागद २०१९ चे, ताब्याच्या वेळचे आहेत. त्यात इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस कुठेही नाहीत. कोणी माफ केले नाहीत, कोणी मागे घेतल्याचं पत्रही नाही, ती ओळ फक्त परत आली नाही. लीगल व सोसायटीचे १५,००० घेतले आहेत, कराराप्रमाणे. वीजजोडणीपोटी ३८,२५० रुपये मागितले आहेत आणि या वेळी महावितरणचं कोटेशन व पावत्या जोडलेल्या आहेत. एकूण २७,५४,००० रुपये, फ्लॅट ७२. भागाकार बरोबर येतो. २०१७ मध्ये मागितलेल्या ठोक रकमेच्या हे जवळपास निम्मे आहेत. नवराबायकोने ते त्याच आठवड्यात भरले.

एक प्रश्न मात्र त्यांनी ताबा घेताना लेखी विचारला आणि त्याचं उत्तर फाइलमध्ये नाही. व्हॅटचे ४८,००० रुपये २०१६ मध्येच पूर्ण किमतीवर भरलेले होते. नवव्या स्लॅबपासून ताब्यापर्यंतचे हप्ते, म्हणजे किमतीचा एक चतुर्थांश, १२ लाख रुपये, जीएसटीत आले आणि त्यांवर पूर्ण १२ टक्के घेतले गेले. त्याच १२ लाखांवरचा एक टक्का व्हॅट, १२,००० रुपये, आधीच गेलेला होता. व्हॅट आणि सेवाकर दोन्ही भरलेल्या व्यवहारात पुढच्या भागापुरतं क्रेडिट घेण्याची तरतूद जीएसटीच्या त्याच कलम १४२(११) मध्ये होती, आणि करकपातीचा किंवा क्रेडिटचा फायदा किंमत कमी करून ग्राहकाला द्यावा असं कलम १७१ म्हणतं. बिल्डरने हे क्रेडिट मागितलं का, मिळालं का, हे त्याच्या विवरणपत्रांत असणार. ताब्याच्या वेळच्या खातेउताऱ्यात त्यापोटी एक रुपयाचीही वजावट दाखवलेली नाही.